नदी चढतेय, आलेख उतरतोय: शेअर केलेल्या शीटवर चालणारा डॅशबोर्ड कुठे फसतो?

पावसाळ्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या प्रत्येक व्हॉट्सॲप ग्रुपवर एक आकडा फिरत असतो: राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पाणी पातळी. ३९ फूट ही इशारा पातळी, ४३ फूट ही धोका पातळी. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात ही पातळी ५५ फुटांच्याही वर गेली होती. त्यामुळे ४२ फुटांच्या पुढचा एकेक इंच इथे महत्त्वाचा असतो.

मी पन्हाळ्याचा. आमच्याकडे हा आकडा बघायचं कारण साधं आहे. केर्लीजवळ पाणी आलं की कोल्हापूर-रत्नागिरी रस्ता बंद होतो, आणि गडावरून कोल्हापूरला जायचा नेहमीचा रस्ता तोच. तालुक्यात कासारी नदीवर यवलूज, बाजारभोगाव असे बंधारे आहेत. ते पाण्याखाली गेले की त्यांच्यावरून होणारी ये-जा थांबते. अशा वेळी गावोगावची पोरं एक गुगल शीट उघडतात, लिंक सगळ्यांना देतात, जो तो आपल्याकडचा आकडा भरतो आणि कुणीतरी त्यावर डॅशबोर्ड बसवतो. तासाभरात काम होतं आणि पैसे लागत नाहीत. पण हा डॅशबोर्ड रिफ्रेश होतो तेव्हा आत नेमकं काय होतं, हे माहीत नसेल तर तो चुकीचा आकडा अगदी ताजा म्हणून दाखवू शकतो.

फूट आणि इंचाचा घोळ

समजा, आपल्या शीटमध्ये पातळीचा एकच कॉलम आहे. सकाळी ८ वाजता ४२ फूट ९ इंच, १० वाजता ४२ फूट १० इंच, १२ वाजता ४२ फूट ११ इंच. मोबाईलवरून भरणारा माणूस सवयीने `42.9`, `42.10`, `42.11` असं टाइप करतो. माणसाला वाचताना काहीच अडचण नाही. शीटला मात्र इंच माहीत नाहीत, तिला फक्त दशांश कळतो. `42.10` टाइप करून पुढच्या सेलवर गेलं की ती शेवटचं शून्य उडवते आणि `42.1` दाखवते. `42.11` ही तिच्या लेखी `42.9` पेक्षा लहान संख्या आहे.

आता आलेख बघा: 42.9, मग 42.1, मग 42.11. डॅशबोर्डवर नदी साडेनऊ इंचांनी उतरलेली दिसते. प्रत्यक्षात ती चार तासांत दोन इंच चढली आहे आणि धोका पातळीला एकच इंच बाकी आहे. यात कुणाचा आकडा चुकलेला नाही, कोड बंद पडलेला नाही, लाल रंगाची एररही नाही. डॅशबोर्ड दर वेळी व्यवस्थित रिफ्रेश होतोय आणि दर वेळी उलटं सांगतोय.

यावर उपाय म्हणजे फूट आणि इंच दोन वेगळ्या कॉलममध्ये घ्यायचे आणि आलेखासाठी तिसरा कॉलम सूत्राने काढायचा. B मध्ये फूट आणि C मध्ये इंच असतील तर:

```
=IF(AND(ISNUMBER(B2),ISNUMBER(C2),C2>=0,C2<12), B2+C2/12, "तपासा")
```

इंचाच्या जागी १२ किंवा त्याहून मोठा आकडा आला, किंवा कुणी "११ इंच" असं अक्षरांत लिहिलं, तर आलेखात आकडा जाण्याऐवजी "तपासा" येतं. ४२ फूट ११ इंचाचे मग बरोबर 42.92 होतात. सेलवर डेटा व्हॅलिडेशन लावणं चांगलंच, पण तेवढ्यावर विसंबू नका. दुसरीकडून कॉपी करून पेस्ट केलं की ते नियम पुसले जाऊ शकतात.

अर्धवट भरलेला आकडा

दोन कॉलम केले की दुसरी अडचण उभी राहते. गुगल शीटला सेव्हचं बटण नाही. एका सेलमधून बाहेर पडलात की तो बदल लगेच सगळ्यांसाठी लागू होतो. आता समजा, भरणारा नवीन ओळ न घेता जुन्याच ओळीवर आकडा बदलतोय. आधी होतं ४२ फूट ११ इंच, नदी पोचली ४३ फूट ० इंचावर. त्याने फुटाच्या सेलमध्ये ४३ टाकलं आणि इंचाच्या सेलकडे वळला. डॅशबोर्डने नेमकी त्याच क्षणी शीट वाचली तर त्याला मिळतं ४३ फूट ११ इंच. धोका पातळीच्या जवळजवळ फूटभर वर. हा आकडा कधीच मोजला गेला नव्हता, पण आपल्या सूत्राच्या तपासणीतून तो आरामात पास होतो, कारण ११ हे १२ पेक्षा कमीच आहे.

म्हणून अशा शीटमध्ये जुना आकडा खोडायचा नाही, खाली नवीन ओळ भरायची. आणि शेवटच्या कॉलममध्ये एक चेकबॉक्स ठेवायचा: वेळ, फूट, इंच सगळं भरून एकदा बघितलं की त्यावर टिक. टिक नसलेली ओळ डॅशबोर्डने उचलायचीच नाही. सेव्हच्या बटणाचं काम हा चेकबॉक्स करतो.

ओळी सरकण्याचा धोका यालाच लागून आहे. डॅशबोर्डच्या कोडमध्ये "यवलूजची स्थिती D5 मध्ये" असं लिहिलेलं असेल आणि कुणी वरती एक ओळ घातली, तर यवलूज D6 मध्ये जातो आणि D5 मध्ये दुसराच बंधारा येतो. त्याच शीटमधली साधी सूत्रं अशा वेळी स्वतःला सावरून घेतात. पण `IMPORTRANGE` मधला पत्ता किंवा स्क्रिप्टमधलं `"D5"` हा नुसता मजकूर असतो, तो हलत नाही. मग पाण्याखाली गेलेला बंधारा डॅशबोर्डवर "वाहतूक सुरू" दिसू शकतो. सेलचा पत्ता देण्याऐवजी बंधाऱ्याच्या नावाने ओळ शोधा आणि कॉलमच्या शीर्षकाने कॉलम शोधा. नाव सापडलं नाही तर "माहिती नाही" दाखवा, शेजारचं काहीतरी उचलू नका.

"शेवटचं अपडेट" नेमकं कशाचं?

डॅशबोर्डच्या कोपऱ्यात एक वेळ असते. ती बहुतेकदा डॅशबोर्डने शीट वाचली त्याची वेळ असते, नदीची पातळी मोजली त्याची नव्हे. गुगलच्या लुकर स्टुडिओत गुगल शीटचा डेटा नव्याने आणायची मुदत मुळात १५ मिनिटांची ठेवलेली असते. समजा ८ वाजताची पातळी कुणी ८:२० ला भरली आणि डॅशबोर्डने ८:१९ ला शीट वाचून झाली होती. मग ८:३४ पर्यंत जुनाच आकडा दिसणार. हा उशीर चालवून घेता येतो.

खरा त्रास पुढे आहे. आकडे भरणाऱ्या पोराच्या घरची वीज गेली आणि त्यानंतर काही भरलंच गेलं नाही, तरी डॅशबोर्ड आपला दर १५ मिनिटांनी शीट वाचत राहतो. ११:४९ ला तो "अपडेट ११:४९" असं लिहून ८ वाजताची पातळी दाखवतो. पुरात चार तास हा मोठा काळ आहे. त्यामुळे मोजणीची वेळ हा शीटमधला स्वतंत्र कॉलम हवा आणि डॅशबोर्डवर तीच वेळ मोठ्या अक्षरांत हवी. ती दोन तासांपेक्षा जुनी झाली की आकड्याचा रंग करडा करा. वारंवार रिफ्रेश केल्याने मोजणी ताजी होत नाही.

मधला थर

या सगळ्यामागे एकच गोष्ट आहे: लोक जिथे लिहितात तीच जागा आपण जगाला थेट दाखवतोय. हा प्रश्न भारतात सगळ्यात मोठ्या प्रमाणावर हाताळला गेला तो कोविडच्या काळात. `covid19india.org` हा डॅशबोर्ड स्वयंसेवक चालवत होते. राज्यांची बुलेटिनं वाचून ते गुगल शीटमध्ये आकडे भरायचे. पण साइट ती शीट थेट दाखवत नव्हती. एक प्रोग्राम ठरावीक वेळाने शीट वाचून त्यापासून वेगळ्या फाइल तयार करायचा आणि साइट त्या फाइल वाचायची. ३१ ऑक्टोबर २०२१ ला त्यांनी काम थांबवलं, पण ही रचना आजही गिरवण्यासारखी आहे.

आपल्या छोट्या शीटसाठी तिची नक्कल सोपी आहे. दोन टॅब ठेवा. पहिला "भरण्यासाठी", सगळ्यांना खुला. दुसरा "दाखवण्यासाठी", जो `Protect sheets and ranges` वापरून फक्त तुमच्या खात्याला खुला राहील. दर १० मिनिटांनी चालणारी एक छोटी स्क्रिप्ट पहिल्या टॅबमधल्या टिक केलेल्या ओळी तपासून दुसऱ्यात उतरवेल. डॅशबोर्ड फक्त दुसरा टॅब वाचेल. एखादी ओळ तपासणीत अडकली तर आधीचा चांगला आकडा त्याच्या मोजणीच्या वेळेसह तसाच राहील.

तपासणीत एक नियम हमखास ठेवला जातो: आधीच्या आकड्यापेक्षा फार मोठी उडी असेल तर ओळ अडवायची. तासाला एक फुटापेक्षा जास्त फरक पडला की थांबा, असं म्हणू. इथे जपून. १६ जून २०२० ला महाराष्ट्राने कोविडच्या आधी न धरलेल्या १,३२८ मृत्यूंची भर एकाच दिवशी आपल्या एकूण आकड्यात घातली. त्यातले ८६२ मुंबईचे होते. कुठल्याही उडीच्या नियमाला ती टायपिंगची चूक वाटली असती, आणि ती चूक नव्हती. म्हणून अडवलेली ओळ फेकायची नाही, दुसऱ्या माणसाकडे पाठवायची. त्याने मूळ बुलेटिन बघून हो म्हटलं की ती पुढे जाईल. पुरात खरी उडी लपवणं हे खोटी उडी दाखवण्याइतकंच घातक आहे.

आकडा कुणी बदलला हे शोधायचं असेल तर सेलवर उजवी क्लिक करून `Show edit history` बघा. लिंकवरून नाव न कळवता आलेला माणूस तिथे ओळखू येत नाही, म्हणून भरणाऱ्यांना ईमेलने परवानगी द्या.

आणि तुम्ही डॅशबोर्ड फक्त बघणारे असाल तर दोन गोष्टी तपासा. पातळी फूट आणि इंच अशी वेगळी लिहिली आहे का, आणि मोजणीची वेळ दिली आहे का. `42.1` असं दिसलं आणि खाली नुसतं "शेवटचं अपडेट" असेल, तर तो आकडा पुढे पाठवू नका. जिल्हा आपत्ती व्यवस्थापन कक्षाने दिलेली पातळी बघा आणि मगच गाडीला किल्ली लावा.