शीट भरली, ताळमेळाचं काय?

19 जुलै 2024 रोजी क्राउडस्ट्राइकच्या एका सदोष अपडेटमुळे जगभरातले सुमारे 85 लाख विंडोज संगणक कोलमडले आणि आपल्याकडच्या काही विमानतळांवर बोर्डिंग पास हाताने लिहून द्यावे लागले. कागद हाताशी होता, म्हणून रांग सरकली. नागपुरात मिहानमधल्या कार्यालयांत सकाळच्या पाळीला कामं वाटणारा प्लॅटफॉर्म उघडला नाही, तर हीच जागा एक्सेल शीट घेते. पण शीट कुठे ठेवली आहे, हे आधी पाहावं. प्लॅटफॉर्मचं आणि शीटचं लॉगिन एकच असेल, तर दोन्ही दारं एकदमच बंद होतात.

समजा, रात्रपाळीने 6.40 ला प्रलंबित कामांची यादी उतरवून ठेवली आणि तीत 60 कामं आहेत. सात वाजता प्लॅटफॉर्म बंद. पंधरा मिनिटं वाट पाहून टीम लीडने शीट सुरू झाल्याचं जाहीर करावं आणि वाटप एकाच माणसाने करावं. प्रत्येकाने आपापलं काम उचललं की एकच काम दोघांच्या हाती जातं. प्रत्येक ओळीत कामाचा मूळ क्रमांक, करणाऱ्याचं नाव, सुरुवातीची आणि संपल्याची वेळ असावी. क्रमांकाचा रकाना आधीच 'टेक्स्ट' करून ठेवावा, नाहीतर एक्सेल सुरुवातीची शून्यं गिळतं आणि पंधराव्या अंकापुढचे अंक शून्य करून टाकतं. मग ताळमेळाला क्रमांकच जुळत नाहीत.

9.20 ला प्लॅटफॉर्म परत आला. शीटमध्ये 41 कामं पूर्ण, 6 अर्धवट, 13 अस्पर्श. खरी गडबड इथे होते, कारण सगळे आनंदाने प्लॅटफॉर्मवर धावतात आणि तो तीच कामं पुन्हा वाटायला काढतो. म्हणून वाटप थांबवावं, शीटमध्ये नवी ओळ घेऊ नये आणि अर्धवट सहा कामं शीटवरच संपवावीत. मग एकेक क्रमांक प्लॅटफॉर्मवर शोधावा. 41 पैकी 3 तिथे आधीच पूर्ण दिसतात. यादी उतरवल्यानंतरच्या वीस मिनिटांत रात्रपाळीने ती संपवली होती. त्यांवर नवं उत्तर चढवू नये, दोन्ही उत्तरं पर्यवेक्षकाने ताडून पाहावीत. उरलेली 38 चढवावीत, पाठोपाठ ती सहा, आणि तेव्हाच 13 वाटपाला सोडावीत.

एक गोष्ट मात्र ताळमेळातही निसटते. अनेक प्लॅटफॉर्म नोंद चढवल्याची वेळ लावतात, काम केल्याची नाही. 7.40 ला संपलेलं काम 9.50 चं दिसतं, आणि सकाळभर राबलेल्या मुलीच्या नावापुढे दोन तास कोरे राहतात. जिथे कामागणिक पैसे किंवा गुण मिळतात, तिथे हा तिच्यावर उघड अन्याय आहे. व्यवस्थापकांनी त्या दिवसापुरती शीटमधलीच वेळ ग्राह्य धरावी, आणि तसं लेखी, त्याच पाळीत कळवावं.