थोरला, मधला, धाकटा आणि स्वभावाची वाटणी

थोरलं मूल जबाबदार, मधलं समजूतदार पण दुर्लक्षित, शेंडेफळ लाडावलेलं आणि बिनधास्त: स्वभावाची ही वाटणी घराघरांत इतकी पक्की झाली आहे की तिचा पुरावा मागावासा कुणाला वाटत नाही. व्हिएन्नाचे मानसशास्त्रज्ञ आल्फ्रेड ॲडलर यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तिला सिद्धान्ताचं रूप दिलं. १९९६ मध्ये फ्रँक सलोवे यांनी ‘बॉर्न टू रिबेल’ या पुस्तकात तिला उत्क्रांतीची जोड दिली. आईबापांचं लक्ष मिळवण्यासाठी भावंडांत चढाओढ असते, म्हणून थोरला रूढ वाट धरतो आणि धाकटा बंड करून स्वतःची जागा शोधतो, असा त्यांचा युक्तिवाद होता. तो वाचताना पटतो, पण मोजून पाहिला की टिकत नाही. कारण या समजुतीला दुजोरा देणाऱ्या बऱ्याच जुन्या पाहण्यांमध्ये तुलनाच चुकीची होती.

शंभर थोरली मुलं आणि शंभर चौथी मुलं घेऊन त्यांच्या स्वभावांची सरासरी काढली, तर काय हाती लागेल? थोरलं मूल प्रत्येक घरात असतं, अगदी दोनच मुलांच्या सुस्थित, शिकलेल्या घरातही. चौथं मूल मात्र किमान चार मुलं असलेल्या घरातच असू शकतं, आणि अशा घरांची मिळकत, शिक्षण, राहण्याची जागा, सगळंच सरासरीने वेगळं असतं. म्हणजे तुलना होते ती लहान आणि मोठ्या कुटुंबांची आणि तिचं खापर फुटतं जन्मक्रमावर. दुसरी चूक वयाची. एकाच दिवशी पाहिलं तर थोरला नेहमीच वयाने मोठा असतो. सोळा वर्षांची ताई अकरा वर्षांच्या भावापेक्षा जबाबदार दिसली, तर ते तिच्या क्रमामुळे की पाच वर्षांच्या अंतरामुळे, हे तेवढ्यावरून सांगता येत नाही. भाऊ सोळाचा होईपर्यंत थांबावं लागतं, आणि तोवर घरातलं मत केव्हाच ठरून गेलेलं असतं.

या दोन्ही चुका टाळून २०१५ मध्ये जर्मनीतल्या युलिया रोरर, बोरिस एग्लॉफ आणि स्टेफान श्मुक्ले यांनी अमेरिका, ब्रिटन आणि जर्मनीतल्या वीस हजारांहून अधिक लोकांची माहिती तपासली. त्यांनी कुटुंबाचा आकार आणि वय यांचा हिशेब धरला आणि भावंडांची तुलना एकाच घरातही करून पाहिली. बहिर्मुखपणा, भावनिक स्थैर्य, मिळतंजुळतं घेणं, काटेकोरपणा यांपैकी कशावरही जन्मक्रमाचा ठसा सापडला नाही. बुद्ध्यंकात मात्र प्रत्येक पुढच्या क्रमाला सरासरी दीड गुणाची घट दिसली. भावंडांच्या दहा जोड्या घेतल्या, तर साधारण सहांत थोरल्याचा बुद्ध्यंक जास्त आणि चारांत धाकट्याचा. एखाद्या मुलाबद्दल अंदाज बांधायला हा फरक फारच तोकडा आहे. त्याच वर्षी अमेरिकेतल्या पावणेचार लाखांहून अधिक शाळकरी मुलांच्या माहितीवरूनही स्वभावाबाबत जवळपास हाच निष्कर्ष निघाला: संबंध इतका क्षीण की व्यवहारात नसल्यासारखाच.

यावर हमखास आक्षेप येतो: आमच्या घरात तर फरक डोळ्यांना दिसतो. दिसतो हे खरंच आहे. पण आपण मुलांना घरात पाहतो, आणि घरात दादाने दादासारखं वागायचं असतं. ज्युडिथ रिच हॅरिस यांनी १९९८ मध्ये मांडलेला मुद्दा इथे मोलाचा वाटतो: भावंडांमध्ये घेतलेली भूमिका मूल घरापुरती वठवतं, बाहेरच्या जगात ती बरोबर नेतंच असं नाही. धाकट्यांवर डाफरणारा दादा वर्गात गप्प बसणारा असू शकतो, आणि घरचं शेंडेफळ कामाच्या ठिकाणी सगळ्यांचा भार वाहू शकतं.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. हे सगळे अभ्यास पाश्चात्त्य देशांतले. आपल्याकडे थोरल्या मुलावर म्हाताऱ्या आईबापांची आणि भावंडांच्या शिक्षण-लग्नाची जबाबदारी पडते, ती माणसाला घडवत नसेल का? जबाबदारी आयुष्य नक्कीच बदलते. तिच्यापायी कुणाचं शिक्षण सुटतं, कुणी गाव सोडत नाही. पण आयुष्याची वाट वेगळी असणं आणि मूळ स्वभाव वेगळा असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि जन्मक्रम आपल्याकडे खरोखर कुठे बोचतो ते आयुष्याच्या वाटेतच दिसतं. सीमा जयचंद्रन आणि रोहिणी पांडे यांनी २०१७ मध्ये भारतातल्या आणि आफ्रिकेतल्या सहारापलीकडच्या देशांतल्या लहान मुलांच्या उंचीची तुलना प्रसिद्ध केली. भारतातली पहिली मुलं तिथल्या पहिल्या मुलांच्या मागे नव्हती. दुसऱ्या क्रमापासून भारतीय मुलं मागे पडू लागतात आणि पुढच्या प्रत्येक क्रमाला ही दरी रुंदावते. थोरल्या मुलग्याला मिळणाऱ्या झुकत्या मापाशी त्यांनी याचा संबंध जोडला. पुढच्या बाळंतपणांत आईच्या तपासण्याही कमी होतात. तिसऱ्या-चौथ्या मुलाचा स्वभाव कसा निघेल यावर घरात जेवढी चर्चा होते, त्यापेक्षा त्याच्या आईच्या रक्तातल्या लोहाची आणि त्याच्या ताटातल्या वाट्याची व्हायला हवी.