शिरोरेषा थरथरते तेव्हा

यूएचडी टाइमलाइनवरून फुल एचडी मास्टर काढायची वेळ आली की बहुतेक एडिटर डोळे झाकून लँकझोस फिल्टर निवडतात. कडा धारदार हव्या तर लँकझोस, हा समज आपल्या धंद्यात पक्का बसला आहे. तो खोटा नाही, अर्धा आहे. उरलेला अर्धा भाग सर्वांत आधी मराठी श्रेयनामावलीत उघडा पडतो, कारण देवनागरीची शिरोरेषा म्हणजे पडद्यावरची लांबलचक, सरळसोट आडवी कडा.

आकडे घालून पाहू. आठ बिटच्या मोजमापात पार्श्वभूमी ४० आणि शिरोरेषा २०० धरा. २१६० ओळींच्या १०८० करताना मूळच्या दोन ओळींमागे एचडीची एक ओळ येते. शिरोरेषेची कडा अशा दोन जोड्यांच्या बरोबर सीमेवर पडली, तर तीन लोबचा लँकझोस उजळ बाजूच्या पहिल्या ओळीला सुमारे १९१ देतो आणि गडद बाजूच्या पहिल्या ओळीला ४९. त्यापलीकडच्या ओळींत फरक जेमतेम अडीचचा. एवढी धार मिळाली तर कोणाची तक्रार असणार?

आता तीच कडा मूळ चित्रात एकच ओळ सरकू द्या, म्हणजे ती जोडीच्या मधोमध येईल. एचडीत मधली ओळ १२० होते, तिच्या एका अंगाला २१३ आणि दुसऱ्या अंगाला २७. मूळ चित्रात २०० च्या वर आणि ४० च्या खाली काहीच नव्हते. या दोन रेघा फिल्टरने स्वतः काढल्या. लँकझोस जरा लांबच्या ओळींना वजा वजन देतो. त्याची धार येते ती तिथूनच आणि हा हेलोही तिथूनच.

स्थिर टायटलमध्ये हे खपून जाते. नामावली फ्रेममागे तीन यूएचडी ओळी वर सरकत असेल तर मात्र कडा एका फ्रेमला सीमेवर आणि पुढच्या फ्रेमला मधोमध येते. सेकंदाला २५ फ्रेम या हिशेबाने शिरोरेषेभोवतीची काळी-उजळ किनार दर दुसऱ्या फ्रेमला उगवते आणि मावळते. क्यूसीतून 'फ्लिकर' असा शेरा येतो. आपण कोडेकवर खापर फोडतो, बिटरेट वाढवून पुन्हा एक्स्पोर्ट मारतो आणि थरथर तिथल्या तिथेच राहते. फ्रेम थांबवून पाहिली तर काही कळत नाही. चित्र ४०० टक्के मोठे करून एकेक फ्रेम पुढे सरकवली की किनारीची ये-जा लगेच दिसते.

उपाय साधा आहे. नामावली फ्रेममागे दोन किंवा चार यूएचडी ओळी चालवा, म्हणजे कडा प्रत्येक फ्रेमला त्याच जागी पडेल. त्याहून बरे म्हणजे अक्षरे मोठ्या टाइमलाइनवर ठेवूच नका. आधी चित्र लहान करा आणि मग एचडीतच टायटल बसवा. शुद्ध काळ्यावर शुद्ध पांढरी अक्षरे असतील तर हे अधिकच पाळावे. १६ आणि २३५ मधल्या कडेवर लँकझोस वर २५३ पर्यंत जातो, खाली शून्यावर कापला जातो, आणि ईबीयूच्या आर१०३ शिफारशीतली मर्यादा आहे ५ ते २४६.

अक्षरांचे झाले, चित्रीकरणाचे काय? कॅमेऱ्यातले शार्पनिंग बंद ठेवून शूट केले असेल तर लँकझोस खुशाल वापरा. मोबाइल किंवा छोट्या कॅमेऱ्याच्या फुटेजवर मात्र हेलो आधीच चढलेला असतो आणि त्यावर दुसरा चढतो. तिथे मिचेल बरा. डॉन मिचेल आणि आयआयटी मुंबईचे माजी विद्यार्थी अरुण नेत्रवली यांनी १९८८ मध्ये मांडलेला हा फिल्टर धूसरपणा आणि हेलो यांचा मध्य गाठतो. वरच्याच उदाहरणात तो १९१ ऐवजी सुमारे १८३ देतो, म्हणजे धार थोडी जाते. पण २१३ च्या जागी २०३ येतात. हा सौदा फायद्याचा आहे, असे आमचे मत. रिझॉल्व्हमध्ये `Resize Filter` खाली `Custom` निवडले की `Mitchell` सापडतो. एफएफएमपेगमध्ये काही न सांगितल्यास बायक्युबिकच लागतो, मात्र बराच कडक. त्याला मिचेल करायचे ते असे:

```
ffmpeg -i uhd.mov -vf "scale=1920:1080:flags=bicubic:param0=0.3333:param1=0.3333" -c:v prores_ks -profile:v 3 -c:a copy hd.mov
```

कधी प्रोजेक्ट हाताशी नसतो आणि नामावली यूएचडी मास्टरमध्येच भाजलेली येते. अशा वेळी शेवटच्या कटपर्यंतचे चित्र लँकझोसने आणि तिथून पुढची नामावली मिचेलने काढून जोडावी. थरथर पुरती जात नाही, पण बरीच दबते, आणि कटवर फिल्टर बदलल्याचे कोणाच्या ध्यानात येत नाही.