‘काही लागलं तर सांगा’ : एका वाक्याचा हिशेब

सांत्वनाला आलेला माणूस उठता उठता एक वाक्य हमखास बोलतो : “काही लागलं तर सांगा, संकोच करू नका.” माळेगाव बुद्रुकच्या ओसऱ्यांवर हे वाक्य मी इतक्यांदा ऐकले आहे की, ते निरोपाचाच एक भाग झाले आहे. बोलणाऱ्याच्या मनात खोट नसते. पण या वाक्यामुळे कोणाचे एखादे काम झाले काय, असे विचारले तर बहुतेकांना आठवून आठवून एखादेच उदाहरण सांगता येते.

माझे आयुष्य अर्थशास्त्र शिकवण्यात गेले, तेव्हा हिशेबाच्या भाषेत बोलतो. मदतीला किंमत पडते, ती देणारा सोसतो. पण मागण्यालाही किंमत पडते, आणि ‘लागलं तर सांगा’ म्हणणारा ती सगळी दुःखात असलेल्या माणसावर टाकून मोकळा होतो. त्या माणसाने आधी आपली गरज कोणती हे ओळखायचे, ती कोणाला सांगावी हे ठरवायचे, त्याला सवड असेल की नाही याचा अंदाज बांधायचा आणि शेवटी तोंड उघडून मागायचे. सकाळी चहा घेतला की नाही हे ज्याला आठवत नाही, त्याच्याकडून ही अपेक्षा. तो मागत नाही. मग आपण समजतो की गरज नव्हती. मागणी नोंदली गेली नाही म्हणजे गरजच नाही, असे मानणाऱ्या बाजारावर आपण आयुष्यभर टीका करीत आलो. आपल्या सांत्वनाची रीत मात्र नेमकी त्याच बाजाराची आहे.

एक घर डोळ्यांसमोर आणा. ते कोणा एकाचे नाही, या परिसरातल्या अनेक घरांवरून जुळवलेले आहे. अडीच एकर जमीन, नीरा डाव्या कालव्याचे पाणी, दीड एकर अडसाली ऊस तोडणीला आलेला, दावणीला दोन गाई. नोव्हेंबर महिना, कारखान्याचा गळीत हंगाम नुकता सुरू झालेला. घरचा कर्ता पुरुष हृदयविकाराने बारामतीच्या दवाखान्यात गेला. मागे चाळिशीतली पत्नी, कॉलेजात जाणारी मुलगी, नववीतला मुलगा आणि म्हातारी आई.

पहिले दिवस या घराला फारसे जड जात नाहीत, याचे श्रेय जुन्या रीतीला दिले पाहिजे. चूल पेटत नाही तेव्हा भाऊबंद आणि सोयरे पिठले-भाकरी घेऊन येतात. त्याला आपण कडू घास म्हणतो. या रीतीचे मर्म असे की तिथे कोणी विचारीतच नाही. कोणी, केव्हा, काय आणायचे हे आधीच ठरलेले असते आणि घेणाऱ्याला फक्त ताटावर बसायचे असते. इर्जिकही अशीच होती. एखाद्याची नांगरट अडली की दिवस नेमला जाई, कोण किती औते घेऊन येणार हे ठरे आणि सारा गाव त्या शेतात उतरे. नेमका दिवस, नेमके काम. ट्रॅक्टर आला आणि इर्जिक गेली, त्याबद्दल गळा काढण्याचे कारण नाही. पण तिच्याबरोबर नेमकेपणाची ती सवयही गेली, ही मात्र खंत करण्यासारखी गोष्ट आहे.

तेराव्यानंतर मंडप निघतो, पाहुणे जातात आणि खरी अडचण त्या दिवशी सुरू होते. आपल्या त्या घरात पहिली अडचण पाण्याची येते. कालव्याचे आवर्तन कोणाच्या सुतकासाठी थांबत नाही, आणि पाळी रात्रीची असते. कर्ता गेल्यावर काळोखात दारे धरायला कोण जाणार? शेजारच्या शेतकऱ्याने इथे असे म्हणावे : “वहिनी, गुरुवारी रात्री तुमची पाळी आहे. माझीही त्याच रात्री आहे. मी आणि पोरगा तुमचं रान भिजवून मगच आमच्याकडे पाणी घेतो. तुम्ही फक्त मोटारीच्या पेटीची किल्ली संध्याकाळी आमच्याकडे द्या.” या वाक्यात दिवस आहे, काम आहे, माणूस कोण हे आहे, आणि समोरच्या बाईने करायची गोष्ट फक्त एक आहे. तिला ‘हो’ किंवा ‘नको’ एवढेच म्हणायचे आहे.

जेवणाचेही तसेच. “जेवणाचं काही बघू का?” याला कोणीही “नको, आहे सगळं” असेच उत्तर देते. त्याऐवजी, “मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळच्या भाकऱ्या आणि कालवण आमच्याकडून येईल, महिनाभर. आजींना तिखट चालतं का, एवढंच सांगा.” यात शेवटचा प्रश्न महत्त्वाचा आहे. मदत घ्यायची की नाही हा जड प्रश्न बाजूला राहतो आणि उत्तर देता येण्याजोगा लहान प्रश्न समोर येतो. मुदतही सांगितलेली बरी. बेमुदत आश्वासन देणारा तिसऱ्या आठवड्यात दमतो, आणि मग न आलेल्या भाकरीची वाट पाहणे हे न मिळालेल्या मदतीपेक्षा वाईट.

आता ऊस. लागणीची नोंद मयताच्या नावावर, बिल जमा होणार तेही मयताच्या खात्यात. बँकेला मृत्यू कळला की खाते थांबते आणि वारसाचे कागद पुरे होईपर्यंत पैसे अडकतात. म्हणून ऊस तुटण्यापूर्वीच कारखान्याच्या शेतकी विभागात जाऊन पुढे काय करावे लागेल हे विचारले पाहिजे. तोडणी लांबली तर उसाला तुरा येतो, वजन घटते. आणि तोडणीच्या दिवशी फडावर उभे राहायला खमका माणूस नसला की खुशालीच्या नावाखाली वाहनापासून तोडणीपर्यंत ज्याला त्याला पैसे द्यावे लागतात. इथे म्हणायचे ते असे : “बुधवारी मी शिवनगरला कारखान्यावर जातोच आहे. गाडीवर जागा आहे, तुम्ही किंवा ताई बरोबर चला. काय विचारायचं ते मी कागदावर लिहून आणलंय. तोड येईल त्या दिवशी सकाळपासून मी फडावर थांबतो.”

कागदांचे काम सर्वांत किचकट, आणि आपल्यातल्या निवृत्त शिक्षक-कारकुनांनी ते उचलावे असे मला वाटते. मृत्यूची नोंद १९६९ च्या कायद्याप्रमाणे २१ दिवसांत व्हायची असते, आणि ती मृत्यू जिथे झाला तिथे होते, राहत्या गावी नव्हे. आपल्या घरातला मृत्यू बारामतीत झाला. तेव्हा माळेगावच्या कचेरीत (ग्रामपंचायतीची २०२१ मध्ये नगरपंचायत झाली) खेटे घालून उपयोग नाही. हे ठाऊक नसल्याने कित्येकांचे दोन-चार दिवस वाया जातात. दाखल्याच्या पाच-सहा प्रती एकदमच घ्याव्यात. त्यानंतर तलाठ्याकडे वारसाचा अर्ज. जमीन महसूल संहितेप्रमाणे त्याला तीन महिन्यांची मुदत आहे. सहा-क मध्ये नोंद, मग फेरफार, हरकतीसाठी नोटीस आणि शेवटी मंडल अधिकाऱ्यांची मंजुरी, असा हा प्रवास आहे. तो कळलेला माणूस बरोबर असला की भीती निम्मी होते.

पण याच ठिकाणी मदतीचे सोंग घेऊन दुसरे कोणी येते. “तुम्ही काही काळजी करू नका, फक्त इथे सही करा,” हेही एका अर्थी नेमके वाक्यच आहे. हिंदू वारसा कायद्याप्रमाणे पत्नी, मुलगा, मुलगी आणि आई हे चौघेही पहिल्या वर्गाचे वारस. मुलीचे नाव यादीतून गळते, किंवा चौदाव्या दिवशी हक्कसोडपत्र पुढे येते, ते असल्याच आपुलकीच्या बोलण्यातून. तेव्हा कागदाला मदत करणाऱ्याने आपली मर्यादा स्वतःच बोलून दाखवावी : “रविवारी दहा वाजता येतो, बारापर्यंत बसतो. घरातले सगळे कागद एका पिशवीत घालून ठेवा. मी यादी करीन आणि कुठला अर्ज कुठे, ते लिहून देईन. सही मी कशावरही मागणार नाही, आणि कोणी मागितली तर चौघांनी वाचल्याशिवाय देऊ नका.” नेमकी मदत आणि नेमका ताबा यांतला फरक एवढाच की, पहिलीत निर्णय घरच्यांकडे राहतो.

नेमकेपणाने बोलणे म्हणजे समोरच्यावर चाल करून जाणे, असा आक्षेप काही मित्र घेतात. तो अगदीच खोटा नाही. न सांगता घरात शिरून भांडी घासायला बसणारी माणसेही मी पाहिली आहेत, आणि त्यांना आवरताना घरच्यांची झालेली तारांबळही. म्हणून प्रत्येक प्रस्तावाला नकाराची सोपी वाट ठेवावी : “नको असेल तर नुसतं ‘नको’ म्हणा, मला वाईट वाटणार नाही. पुढल्या सोमवारी एकदा पुन्हा विचारून जाईन.” हे पुन्हा विचारणे विसरू नये. पहिल्या आठवड्यातले ‘नको’ चौथ्या आठवड्यात टिकतेच असे नाही. आणि पैसे द्यायचे असतील तर ते उसने की कायमचे, हे देतानाच स्पष्ट सांगावे. “असू द्या, बघू नंतर” या शब्दांखाली घेणारा वर्षानुवर्षे वाकून चालतो.

आतापर्यंत मी घर असलेल्यांविषयी बोललो. याच हंगामात आपल्या फडांच्या कडेला बीड-अहिल्यानगरकडून आलेल्या ऊसतोड मजुरांच्या कोप्या पडतात. त्यांना कडू घास आणणारे भाऊबंद इथे नसतात, आणि ‘काही लागलं तर सांगा’ एवढेही त्यांना कोणी म्हणत नाही. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ मोजला जातो. एक आजारी पडला की जोडी मोडते, आणि बुडालेल्या दिवसाचा खाडा उचलीच्या हिशेबात वळता होतो. तापाने फणफणलेली बाई म्हणूनच “बरी आहे” म्हणत मोळ्या बांधीत राहते. तिला “दवाखान्यात जा” असा सल्ला देणे निरुपयोगी आहे, कारण तिची अडचण दवाखाना कुठे आहे हे माहीत नसण्याची नाही. तिला नेणे, मूल सांभाळणे आणि मुकादमाशी बोलणे, ही तीन कामे आहेत, आणि ती तीन माणसांनी वाटून घ्यावी लागतात : “बाई, मोटारसायकल उभी आहे, आत्ता निघू. लेकराला माझ्या घरची बघतील, दूध पाजून ठेवतील. आजच्या खाड्याचं मुकादमाशी हे आमचे सहकारी बोलायला गेलेत. संध्याकाळी काय ठरलं ते कोपीवर येऊन सांगतो.”

शेवटचे वाक्य बोलणाऱ्याने संध्याकाळी खरोखर कोपीवर जायचे असते, मुकादम नाही म्हणाला असला तरी.