पुठ्ठ्याची प्रतिष्ठा

एम. ए. मराठीच्या एका लघुप्रबंधाची तोंडी परीक्षा चालू होती. विषय होता प्रतिसरकारच्या आठवणींचे कथनरूप. बहिःस्थ परीक्षकांनी संदर्भसूचीवर लाल शाई फिरवली. त्यात तीन नोंदी होत्या : एका संकेतस्थळावरील मुलाखत, वर्तमानपत्राच्या पुरवणीतील एक लेख आणि विद्यार्थिनीने स्वतः घेतलेली एका वृद्धाची मुलाखत. शेरा होता, 'ग्रंथ हवेत.' पंधरा दिवसांनी विद्यार्थिनीने सुधारलेली प्रत आणली, तेव्हा मजकूर तोच होता. फक्त त्या तीन नोंदींच्या जागी तिने कधी न उघडलेली तीन पुस्तके आली होती. प्रबंध मान्य झाला.

आमचे भांडण या मान्यतेशी आहे. जे वाचले ते लपवायचे आणि जे वाचले नाही ते मिरवायचे, ही लबाडी आपण अध्यापकच विद्यार्थ्यांना शिकवीत आहोत. 'वर्तमानपत्र चालणार नाही, संकेतस्थळ चालणार नाही' हा नियम कडक दिसतो खरा; पण तो पुरावा तपासत नाही, केवळ पुठ्ठा तपासतो.

उदाहरण आमच्याच परिसरातले घेऊ. ७ जून १९४३ रोजी शेणोलीजवळ तुफान सेनेने सरकारी पगाराची रक्कम घेऊन जाणारी आगगाडी लुटली. त्या तुकडीचे नायक, कुंडलचे कॅप्टन भाऊ लाड यांच्याशी बोलून पी. साईनाथ यांनी लिहिलेला लेख २०१७ साली 'पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया' या संकेतस्थळावर प्रसिद्ध झाला. पुढे २०२२ साली साईनाथांच्या 'द लास्ट हीरोज' या पुस्तकातही कॅप्टन भाऊंची कथा आली. आता आमच्या परीक्षकांच्या न्यायाने २०१७ ते २०२२ या काळात भाऊंची साक्ष अग्राह्य होती आणि पुस्तक बांधले गेले त्या दिवशी ती ग्राह्य झाली! मधल्या काळात साक्षीदाराच्या स्मृतीत कोणती भर पडली? भाऊ तर पुस्तक निघण्यापूर्वीच, फेब्रुवारी २०२२ मध्ये गेले.

उलट बाजूने पाहा. यशवंतराव चव्हाणांचे 'कृष्णाकाठ' १९८४ साली प्रसिद्ध झाले. बेचाळीसच्या चळवळीविषयी ते जे सांगते, तीही चार दशकांनंतरची आठवणच आहे. त्यावर कोणी लाल शाई फिरवीत नाही आणि फिरवूही नये. परंतु लिहिलेली आठवण संदर्भ ठरते आणि सांगितलेली आठवण गप्पा ठरते, या भेदाला आधार कोणता?

याचा अर्थ सगळेच चालते, असा नव्हे. आमच्या मते प्रश्न 'साधन कोणते?' हा नसून 'या साधनाला आपण काय विचारत आहोत?' हा आहे. विद्यार्थिनीच्या प्रबंधातील एकच वाक्य तपासू. 'फितुरांच्या पायांना पत्री ठोकत, म्हणून लोक त्याला पत्री सरकार म्हणत.' बैलाच्या खुराला ठोकतात ती लोखंडी पत्री प्रत्येक खेडुताला ठाऊक असते. त्यामुळे ही व्युत्पत्ती ऐकताक्षणी पटते. पटते म्हणूनच तिच्याकडे संशयाने पाहिले पाहिजे. 'प्रति'चा अपभ्रंश होऊन 'पत्री' झाले, असेही सांगितले जातेच.

क्रांतिदिनाच्या आसपास फेसबुकावर हे वाक्य हमखास फिरते. त्यावरून १९४३ साली काय घडले ते सिद्ध होत नाही, कारण लिहिणाऱ्याने ते कोठून घेतले हेच कळत नाही. मात्र 'ही कथा आजही कशी सांगितली जाते?' हा प्रश्न असेल, तर तीच नोंद प्रथम दर्जाचे साधन होते. अशा वेळी खात्याचे नाव, तारीख आणि वेळ टिपावी, पडद्याचे छायाचित्र जपावे. कारण नोंद उद्या पुसली जाईल. लिहिणारा सामान्य माणूस असेल, तर त्याची परवानगीही घ्यावी.

पुरवणीतील लेखाचे काय? १९४३ सालच्या अंकातील बातमी, युद्धकाळातील निर्बंध ध्यानात घेऊन का होईना, त्या काळाची साक्ष आहे. दर वर्षी येणारा स्मृतिलेख मात्र इतरांवरून लिहिलेला असतो. असे तीन लेख मिळाले म्हणजे तीन साक्षी झाल्या, असे नव्हे. तिन्हींत एकच चूक एकाच शब्दांत आढळली, तर मूळ एकच समजावे. एक सोपी कसोटी सांगतो. तासगाव १९४२ साली सातारा जिल्ह्यात होते. १९४९ साली दक्षिण सातारा जिल्हा झाला आणि त्याचे 'सांगली' हे नामकरण १९६० साली झाले. बेचाळीसच्या कागदातला म्हणून दिलेल्या उताऱ्यात 'सांगली जिल्हा' आला, तर तो उतारा नंतर कोणी तरी रचला किंवा दुरुस्त केला, हे उघड आहे. लेख स्वीकारला तरी अंकाची आवृत्ती, तारीख आणि पृष्ठ द्यावे. सांगली आवृत्तीतला लेख पुणे आवृत्तीत असेलच असे नाही.

राहिली कॅप्टन भाऊंची मुलाखत. खबऱ्याच्या तळपायांवर काठ्यांनी मारत, शरीराच्या इतर भागाला हात लावत नसत, असे ते त्यात सांगतात. ठोकलेल्या लोखंडाचा उल्लेख नाही. ही प्रत्यक्ष सहभागी माणसाची साक्ष असल्याने तिचे वजन मोठे. पण ती चौऱ्याहत्तर वर्षांनंतरची आहे आणि आपल्या संघटनेविषयीची आहे, हेही वाक्यात आले पाहिजे. शिवाय मूळ लेख इंग्रजी आहे. मराठी रूप हे भाषांतर आहे. ते अवतरणचिन्हांत घालून 'भाऊंचे शब्द' म्हणून देणे चूक होय. कथनरूपाच्या अभ्यासात तर अक्षम्य. भाऊंची बोली त्या वाक्यांत उरलेलीच नाही. तेथे विद्यार्थिनीने स्वतः ध्वनिमुद्रित केलेली वृद्धाची मुलाखतच अधिक मोलाची ठरते. अट एवढीच की सांगणाऱ्याची संमती, गाव, वय आणि मुद्रणाची तारीख नोंदलेली असावी, त्याने पाहिलेले आणि ऐकलेले वेगळे केलेले असावे, आणि मुद्रण दुसऱ्याला ऐकता येईल अशा जागी ठेवलेले असावे. परीक्षकांनी नेमकी तीच नोंद खोडली.

आता ते वाक्य असे होईल : 'फितुरांच्या पायांना पत्री ठोकत, ही कथा या भागात आजही सांगितली जाते; चळवळीतील कॅप्टन भाऊ लाड यांनी २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या मुलाखतीत तळपायांवर काठ्यांनी मारण्याची शिक्षा सांगितली आहे.' वाक्य लांबले, त्याचा ठसकाही गेला. परंतु त्यातील प्रत्येक शब्दामागे कोण उभे आहे, हे वाचकाला दिसते. यात एकाही ग्रंथाचे नाव नाही. असा प्रबंध आमच्यासमोर आला, तर आम्ही तो निःशंक मान्य करू. परत पाठवायचीच असेल, तर न उघडलेल्या तीन पुस्तकांची ती सूची पाठवू.