सूर खाली, पण किती?

जुलै-ऑगस्ट म्हणजे आपल्या व्यवसायातला गर्दीचा काळ. गुणवंतांचे सत्कार, पतसंस्थांचे वर्धापनदिन, वृक्षारोपणे, व्याख्याने. पौड, पिरंगुट, माले या मुळशी तालुक्यातल्या पट्ट्यातून पुण्यातल्या निवेदकांना बोलावणी येतात. कार्यक्रम बहुधा मंगल कार्यालयात; वर पत्रा, आणि पत्र्यावर मुळशीचा पाऊस. निवेदक चांदणी चौकातून निघतो, गाडीच्या बंद काचांआड एसीच्या कोरड्या हवेत पिरंगुटचा घाट पार करतो, वाटभर आयोजकांशी फोनवर बोलतो आणि पोहोचताच त्याच्या हातात पाहुण्यांच्या माहितीचा कागद पडतो. स्वागतगीत, दीपप्रज्वलन, आणि मग, ‘आता परिचय घ्या.’

पहिले वाक्य निघते ते नेहमीपेक्षा दोन-तीन स्वर वरच्या पट्टीत. याला कारणे दोन. ताणाखाली स्वरयंत्र वर सरकते आणि स्वरतंतू ताणले जातात. ताणलेली तार वर बोलणारच. दुसरे कारण पत्र्यावरचा पाऊस. गोंगाटात माणसाचा आवाज नकळत मोठा होतो आणि चढतोही. एत्येन लोंबार या फ्रेंच वैद्याने १९११ साली ही गोष्ट नोंदवली, म्हणून तिला त्याचेच नाव आहे. पट्टी चढली हे निवेदकाला कळतेही. पण त्यावर तो जो उपाय करतो, तोच या संपादकीयाचा विषय आहे. तो हनुवटी छातीकडे ओढतो, गळा दाबतो आणि ‘भारदस्त’ आवाज लावतो. आमचे म्हणणे असे, की सूर खाली ढकलायचा नसतो. श्वास आणि गुंजन नीट झाले, की तो आपल्या जागी उतरतो. आणि ती जागा तळाची नसते.

एक परिचय समोर ठेवून पाहू. पाहुणे मुळशी सत्याग्रहावर बोलणार आहेत असे धरा. निवेदकाची सुरुवात अशी: ‘सोळा एप्रिल एकोणीसशे एकवीस, रामनवमीचा दिवस. धरणात जमिनी जाणार म्हणून मुळशीचे मावळे बांधकाम अडवायला उतरले, आणि याच लढ्यातून पांडुरंग महादेव बापट यांना महाराष्ट्र सेनापती म्हणून ओळखू लागला.’

पहिले वाक्य आखूड आहे, दुसरे लांब. दुसऱ्याचा सगळा जोर ‘सेनापती’वर आहे आणि हा शब्द जवळजवळ शेवटी येतो. मराठी वाक्य क्रियापदावर संपते आणि साध्या विधानात सूर शेवटाकडे उतरत जातो. परिचयात तर पाहुण्यांचे नाव, पद, पुरस्कार हे सगळे या उतारावरच येते. आता सुरुवातच तळाच्या सुरात केली, तर उतरायला जागा उरत नाही. ‘सेनापती’ला पोहोचेपर्यंत स्वरतंतू सैल पडून आवाज खरखरू लागतो आणि ‘ओळखू लागला’ नुसत्या हवेत जाते. मागच्या रांगेला वाटते की माईक बिघडला. म्हणून खालच्या सुराचा हिशोब वाक्याच्या शेवटाकडून करावा लागतो: शेवटचा शब्द स्पष्ट राहील इतक्या वरून सुरुवात.

ती जागा कशी सापडते, हे क्रमाने पाहू. क्रम महत्त्वाचा आहे. यातली तिसरी पायरी आधी केली की गळा दाबला जातो.

पहिला श्वास. घाईत आपण छाती भरून घेतो, खांदे वर जातात आणि त्या कोंडलेल्या हवेचा दाब स्वरतंतूंवर येऊन पट्टी आणखी चढते. म्हणून सुरुवात उच्छ्वासाने करावी. उभे राहून आधी हवा सोडून द्यावी आणि मग श्वास आपला आपण येऊ द्यावा. हात खालच्या फासळ्यांच्या बाजूला ठेवला, तर फासळ्या बाहेरच्या अंगाला फुगलेल्या जाणवतात. खांदे जागचे हलत नाहीत. मग ‘स्’ असा बारीक, एकसारखा आवाज करत हवा बारा-पंधरा सेकंदांत सोडायची. तळ गाठेपर्यंत ओढायचे नाही. असे चार-पाच वेळा पुरे. जास्त केले तर चक्करल्यासारखे होते. ‘स्’ मध्येच डगमगला, जोरात सुटला किंवा तुटला, तर श्वास अजून ताब्यात आलेला नाही. हवा जास्त साठवणे हा या पायरीचा हेतू नाही, ती सारखी सोडता येणे हा आहे. वरच्या उदाहरणातले दुसरे वाक्य एका श्वासात रेटायचे नसतेच. ‘उतरले’ नंतर हलका श्वास येतो, आणि तो तिथे घ्यायचा हे कागदावर आधीच खूण करून ठरवायचे.

दुसरे गुंजन. ओठ अलगद मिटलेले, आत दात एकमेकांना न लागलेले, जीभ खाली सैल. सहज येईल त्या सुरात ‘म्म्म’. भ्रामरी करणाऱ्यांना हे नवीन नाही. हठयोगप्रदीपिकेत तिचा उल्लेख आहे. निवेदकाला त्यातून हवे ते एवढेच: तोंड मिटल्यामुळे स्वरतंतूंच्या वरच्या बाजूलाही थोडा हवेचा दाब तयार होतो, आणि त्या आधाराने तंतू एकमेकांवर न आदळता हलके भेटतात. कमी श्रमात आवाज सुरू होतो. गुंजन नीट होत असेल तर ओठांना आणि नाकाच्या बाजूंना मुंग्या आल्यासारखी थरथर कळते. थरथर फक्त गळ्यात जाणवत असेल तर आवाज दाबला जात आहे; तेव्हा गुंजन आणखी हळू करावे. मग सोयीच्या सुरापासून मींड घेतल्यासारखे चार-पाच स्वर खाली घसरत यावे. खालून वर चढवण्यापेक्षा आधी वरून खाली येणे गळ्याला सोपे पडते. तीन-चार मिनिटे एवढेच.

सभागृहात चारचौघांत असे ‘म्म्म’ करणे अवघड वाटते, ही आपल्यातल्या अनेकांची अडचण. त्यावर स्ट्रॉचा उपाय आहे. अर्ध्या भरलेल्या पाण्याच्या बाटलीत स्ट्रॉ दोन-तीन सेंटीमीटर बुडवायची आणि तिच्यातून ‘ऊ’ असा आवाज करत एकसारखे बुडबुडे काढायचे. गाल फुगवायचे नाहीत. काम गुंजनाचेच होते, आणि बुडबुडे थांबले की श्वास तुटल्याचे डोळ्यांना दिसते. स्ट्रॉच्या अशा वापरामागचे शास्त्र आवाजाचे अभ्यासक इंगो टिट्झ यांनी तपशिलात मांडले आहे. गाडी दुसरे कोणी चालवत असेल, तर पिरंगुटच्या पुढे एसी बंद करून, फोन खिशात ठेवून याची पहिली फेरी सहज उरकते.

तिसरा सूर. आता कोणी काही सांगत असताना आपण ऐकत असल्याची पावती म्हणून जे ‘हं’ म्हणतो, ते म्हणून पाहावे. मन मोकळे असताना येणारे हे ‘हं’ आपल्या बोलण्याच्या मूळ जागेच्या जवळ असते. त्याच सुरात ‘एक, दोन, तीन’ म्हणावे. गाणे शिकलेल्यांसाठी आणखी एक पडताळा: खरखर न होता टिकणारा आपला सर्वांत खालचा सूर ‘सा’ धरला, तर बोलण्याची जागा साधारण ‘ग’ किंवा ‘म’ला सापडते. बोलताना पुरुषांचे स्वरतंतू सेकंदाला साधारण शंभर ते एकशेतीस वेळा आणि स्त्रियांचे साधारण एकशेऐंशी ते सव्वादोनशे वेळा कंप पावतात. म्हणून पुरुष निवेदकाचा खर्ज ऐकून निवेदिकेने आपला आवाज तिथे न्यायला जाऊ नये. तिची जागा तिच्या ‘हं’वरून ठरते.

जागा सापडली की तिन्ही पायऱ्या परिचयाच्या वाक्यावर आणायच्या. आधी पूर्ण वाक्य मिटल्या ओठांनी गुणगुणायचे: शब्द नाहीत, फक्त चढउतार. ‘सोळा एप्रिल’चा उठाव, ‘उतरले’पाशी सूर किंचित अधांतरी, ‘सेनापती’वर पुन्हा थोडा उठाव, आणि तिथून उतार. मग तेच वाक्य शब्दांनी, हळू आवाजात. ‘ओळखू लागला’ खरखरीत गेले, तर सुरुवात एक स्वर वर घ्यायची आणि पुन्हा म्हणायचे. दोन-तीन फेऱ्यांत वाक्य बसते.

इथे खर्जाविषयी एक इशारा. गवई पहाटे मंद्र सप्तकात खर्ज साधतात, त्याचा दाखला आपल्यात नेहमी दिला जातो. ती वर्षानुवर्षांची, हळू आवाजातली साधना आहे. कार्यक्रमाच्या दहा मिनिटे आधी खर्ज लावून आवाज भारदस्त होत नाही, थकतो. भारदस्तपणा माईकही देतो: आपण वापरतो तसले बहुतेक माईक ओठांच्या अगदी जवळ नेले की खालचे सूर फुगवतात. पत्र्याच्या सभागृहात त्या फुगवट्याने शब्द एकमेकांत मिसळतात. तेव्हा माईक चार बोटे लांब, साउंडवाल्याला ‘बेस थोडा कमी’ अशी सूचना, आणि आपला आवाज आपल्याला ऐकू येईल असा मॉनिटर स्टेजवर. स्वतःला ऐकू आले, की पावसावर मात करायला पट्टी चढवावी लागत नाही.

या तयारीने काय होत नाही, तेही स्पष्ट असावे. सर्दीने किंवा आदल्या दिवशीच्या ओरडण्याने तंतू सुजले असतील, तर हळू गुंजन लगेच सुरू होत नाही; आधी नुसती हवा येते, मग आवाज. त्या दिवशी सराव वाढवू नये. परिचय आखूड करावा, खाकरणे टाळून घोट घोट पाणी प्यावे. आवाज दोन-तीन आठवडे बसलेलाच राहिला, तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडून स्वरयंत्र तपासून घ्यावे.

राहिला प्रश्न वेळेचा. घरी केलेली तयारी प्रवासात, चहापाण्यात आणि लांबलेल्या दीपप्रज्वलनात विरून जाते. तयारीची शेवटची फेरी आणि पहिले वाक्य यांत दहा मिनिटांपेक्षा जास्त अंतर नसावे. म्हणून निवेदकांनी कार्यक्रम ठरवतानाच दोन गोष्टी मागून घ्याव्यात असे आम्ही सुचवतो: परिचयाचा कागद आदल्या दिवशी, आणि परिचयाआधी स्वागतगीत किंवा ईशस्तवन. गाणे चालू असताना पडद्यामागे उभे राहून गुणगुणले तर कोणाचे लक्ष जात नाही. आयोजकांना यासाठी एक पैसाही मोजावा लागत नाही. कार्यक्रमपत्रिकेतल्या दोन ओळी फक्त वरखाली कराव्या लागतात, आणि तेवढे सांगण्याचा हक्क निवेदकाला आहे.