‘लहान नाही’ म्हणजे ‘मोठा’ नव्हे! बँक परीक्षेतल्या चिन्हांच्या प्रश्नात गुण नेमके कुठे जातात?

बँकेच्या पूर्व परीक्षेत रीझनिंगचे ३५ प्रश्न आणि २० मिनिटं असतात. म्हणजे एका प्रश्नाला सरासरी ३५ सेकंदही मिळत नाहीत. त्यात @, #, %, & अशा चिन्हांनी भरलेला असमानतेचा प्रश्न समोर आला की बहुतेक उमेदवारांना हायसं वाटतं. लांबलचक उतारा नाही, आकृती काढायची नाही, चार चिन्हं उलगडली की काम झालं, असा समज असतो. निकाल लागल्यावर गुण गेलेले दिसतात तेही बऱ्याचदा याच प्रश्नांत. चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाच्या गुणांचा एक चतुर्थांश भाग वजा होतो आणि एकाच सूचनेखाली चार-पाच प्रश्न असतील, तर एक चिन्ह चुकीचं वाचल्याने सगळा संच हातचा जातो.

यावर क्लासमध्ये मिळणारा उपाय म्हणजे ट्रिकचा तक्ता. तो पाठ केला की सराव परीक्षेत गुण वाढतात, हे खरं. पण हा प्रश्न बनवणाऱ्यालाही तो तक्ता ठाऊक असतो. तक्ता कुठे फसतो, ते एका उदाहरणावरून पाहू.

आधी भाषा, मग गणित

सूचना अशी आहे, समजा. P @ Q म्हणजे P हा Q पेक्षा लहान नाही. P # Q म्हणजे P हा Q पेक्षा मोठा नाही. P % Q म्हणजे P हा Q पेक्षा मोठाही नाही आणि समानही नाही. P & Q म्हणजे लहानही नाही, समानही नाही. P * Q म्हणजे लहानही नाही, मोठाही नाही.

सगळी वाक्यं नकारात्मक आहेत आणि ते मुद्दाम केलेलं असतं. दोन संख्यांमध्ये तीनच नाती शक्य असतात: मोठी, समान किंवा लहान. प्रत्येक नकार त्यातलं एक नातं खोडतो. ‘लहान नाही’ म्हटलं की लहान खोडलं, मोठी आणि समान ही दोन उरली. म्हणून @ म्हणजे ≥. बोलताना ‘तो काही लहान नाही’ याचा अर्थ आपण सरळ ‘मोठा आहे’ असा घेतो, आणि घाईत @ च्या जागी > लिहिलं जातं. याच रीतीने # म्हणजे ≤. उरलेल्या तीन वाक्यांत दोन-दोन नाती खोडलेली आहेत, म्हणून % म्हणजे <, & म्हणजे > आणि * म्हणजे =. एकदा खोडलेलं परत मोजायचं नाही, एवढं सांभाळलं तर तक्ता पाठ करायची गरज उरत नाही.

आता विधानं: M @ T, T * K, K @ R, R % D. ती एका ओळीत जोडली की साखळी तयार होते:

M ≥ T = K ≥ R < D

पहिली जोडी तपासू. निष्कर्ष १: M & R, म्हणजे M > R. निष्कर्ष २: R * M, म्हणजे R = M.

M पासून R पर्यंत चालत जायचं. वाटेत ≥, = आणि ≥ लागतात. सगळी चिन्हं एकाच दिशेला उघडतात, म्हणून नातं सांगता येतं. वाटेत एकही निखळ > असता तर M > R ठरलं असतं. तो नाही, म्हणून मिळतं फक्त M ≥ R. म्हणजे मोठा किंवा समान, पण दोन्हींपैकी नेमकं काय ते ठाऊक नाही.

निष्कर्ष १ एकटा ठरत नाही. M, T, K, R चारही ६ आणि D ७ धरला तर सगळी विधानं पाळली जातात, पण M हा R पेक्षा मोठा नाही. निष्कर्ष २ ही एकटा ठरत नाही. M = ८, T = K = ५, R = ३, D = ४ घेऊन पाहा. तरीही दोन्हींपैकी एक खरा असणारच, कारण तिसरी शक्यता, म्हणजे M लहान असणं, साखळीने आधीच खोडली आहे. उत्तर: एकतर १ किंवा २ योग्य.

ट्रिक इथे घसरते

तक्ता सांगतो, ‘दोन्ही निष्कर्षांत तीच अक्षरं, एकात > आणि दुसऱ्यात = दिसलं की एकतर-किंवा.’ वरच्या प्रश्नात उत्तर बरोबर आलं. आता पहिलं विधान M @ T ऐवजी M & T करा. साखळी होते M > T = K ≥ R. वाटेत निखळ > आला, म्हणून M > R ठरलं. निष्कर्ष तेच, अक्षरं तीच, पण उत्तर ‘फक्त १ योग्य’. ट्रिकवाला इथेही ‘एकतर-किंवा’ वर टिचकी मारतो.

दुसरी जोडी अधिक मजेशीर आहे. मूळच्या साखळीतच K आणि D यांचं नातं विचारलं: K ≥ R < D. R पाशी दिशा उलटते. दोन भाऊ तिसऱ्यापेक्षा उंच आहेत एवढंच माहीत असेल, तर त्या दोघांत उंच कोण हे सांगता येत नाही. इथेही तेच आहे.

नातं लागत नाही म्हटल्यावर अनेक जण ‘दोन्ही अयोग्य’ निवडून पुढे जातात. पण निष्कर्ष असे असले तर? १: D & K, म्हणजे D > K. २: K @ D, म्हणजे K ≥ D. दोन्ही एकेकटे ठरत नाहीत, पण D मोठा, दोघं समान आणि K मोठा या तिन्ही शक्यता या जोडीत आल्या. त्यापलीकडे काही उरत नाही, म्हणून ‘एकतर १ किंवा २’.

दुसऱ्या निष्कर्षात @ च्या जागी & ठेवला की तो K > D होतो आणि ‘समान’ ही शक्यता बाहेर राहते. K = ५, R = ३, D = ५ घेतलं तर सगळी विधानं खरी आणि दोन्ही निष्कर्ष खोटे. आता उत्तर ‘दोन्ही अयोग्य’. सगळा फरक एका चिन्हाचा.

त्यामुळे पाठांतरापेक्षा हातातल्या कच्च्या कागदावर >, =, < ही तीन चिन्हं लिहिणं जास्त भरवशाचं आहे. साखळीने जे अशक्य ठरवलं ते खोडायचं आणि उरलेल्यांना निष्कर्ष पुरे पडतात का ते पाहायचं. एकच निष्कर्ष उरलेलं सगळं झाकत असेल, तर तो एकटाच योग्य. दोघं मिळून झाकत असतील आणि एकेकटा अपुरा पडत असेल, तर एकतर-किंवा. दोघं मिळूनही काही उघडं राहत असेल, तर दोन्ही अयोग्य.

आकडे घालून पाहण्याची सवय चांगली, पण तिची मर्यादा ओळखायला हवी. विरोधात गेलेलं एक उदाहरण निष्कर्ष मोडायला पुरतं. बाजूने आलेली दहा उदाहरणं मात्र तो सिद्ध करत नाहीत, कारण अकरावं उदाहरण समान आकड्यांचं निघू शकतं. म्हणून आकडे घालायचेच तर आधी जिथे जिथे ≥ किंवा ≤ आहे तिथे दोन्हीकडे समान आकडे घालून पाहावेत. बहुतेक सापळे तिथेच लावलेले असतात.